सप्टेंबरच्या दोन ड्युट्या

माझ्या टेबलावर एक पाटी आहे. मीच छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेली. ‘हजेरी २१ ते २०. दुरुस्ती २२ तारखेपर्यंत. त्यानंतरची दुरुस्ती पुढच्या पगारात.’ एवढं साधं वाक्य लोकांना का कळत नाही, याचं मला नोकरीच्या सुरुवातीपासून नवल वाटायचं, आणि नवलापेक्षा राग जास्त यायचा.

वसईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी पगाराचं काम करते. तीन मजल्यांचं हॉस्पिटल, तळमजल्यावर जिन्याखाली माझी खोली. खोली कसली, सलाइनचे खोके ठेवायची जागा होती; खोके हलवले आणि मला बसवलं. मनवेलपाड्याहून सकाळी यायचं, मशीनवर अंगठा लावायचा आणि दिवसभर दुसऱ्यांचे अंगठे तपासत बसायचं. कोण किती वाजता आलं, कोण गेलं, कुणाचा जातानाचा अंगठा राहिला. महिन्याच्या बावीस तारखेला संध्याकाळी मी पगाराचा महिना बंद करते. एकदा बंद झाला की बँकेला यादी जाते, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब जातो, आणि मग देव खाली उतरला तरी त्या महिन्यातला एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. चूक राहिली असेल तर ती पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दुरुस्त होते. त्या ओळीला आम्ही समायोजन म्हणतो. कापलेले दिवस त्याच जुन्या महिन्याच्या दराने परत द्यायचे, जास्तीचे दिलेले वसूल करायचे, आणि शेजारी कारण लिहायचं. जुनं पान खोडायचं नाही. चूक आपल्या जागी राहते, दुरुस्ती आपल्या जागी.

हे सगळं मला पाठ होतं आणि त्याचा मला गर्वही होता. एका वर्षी तो उतरला.

आमच्याकडे वॉर्डात मदतीला ज्या बायका असतात, चादरी बदलणं, पेशंटला उठवणं-बसवणं, बेडपॅन देणं, त्यांना सगळे मावशी म्हणतात. वय काहीही असो. माझ्यापेक्षा लहान असलेल्या बाईलाही मी मावशी म्हणते आणि तीही ओ देते. बायकांच्या वॉर्डात दोन मावश्या होत्या. थोरली किनाऱ्याकडच्या एका भातशेतीच्या गावातली, कॅथलिक, हॉस्पिटल एका मजल्याचं होतं तेव्हापासूनची. धाकटी फुलपाड्याची, मूळची कोकणातली, तात्पुरत्या यादीवर होती. थोरली सकाळच्या पाळीला, धाकटी दुपारच्या. मधल्या दोन वाजता दोघींची गाठ पडायची ती लिनन-रूमच्या, म्हणजे चादरींच्या खोलीच्या दारात, आणि तिथे उभ्याउभ्याच त्यांचं सगळं ठरायचं.

काय ठरायचं? तर सण. गौरी-गणपतीला धाकटी गावी जायची, तिच्या दोन ड्युट्या थोरली करायची. नाताळला थोरलीच्या दोन ड्युट्या धाकटी करायची. किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. कुठे लिहिलेलं नाही, कुणाची सही नाही. पूर्वी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आपल्या वहीत जिची ड्यूटी तिच्या नावापुढे बरोबरची खूण करायच्या, प्रत्यक्षात कोण उभं होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. पगाराला काही कळायचंच नाही आणि कळायची गरजही नव्हती. मग मशीन आलं. मशीनला गणपती कळत नाहीत आणि नाताळही कळत नाही. त्याला फक्त अंगठा कळतो.

म्हणून नियम झाला. अदलाबदल करायची तर इन्चार्जच्या सहीची चिठ्ठी चार दिवस आधी द्यायची. ज्याची ड्यूटी दुसऱ्याने केली त्याचा पगार कापला जाणार नाही, ज्याने केली त्याला जास्तीचे पैसे मिळणार नाहीत, आणि वर्ष संपायच्या आत परतफेडीच्या ड्युट्या व्हायला हव्यात. नाही झाल्या, किंवा दोघांतलं कुणी सोडून गेलं, तर सगळं उलटं फिरवायचं: एकाचे दिवस कापायचे, दुसऱ्याला द्यायचे. नियम मीच लिहून काढला होता. शब्द न् शब्द माझा.

त्या वर्षी गौरी-गणपती सप्टेंबरच्या हजेरीच्या अगदी शेवटच्या आठवड्यात आले. धाकटी गावी गेली. थोरलीने एक दिवस स्वतःची सकाळची पाळी संपवून लगेच तिची दुपारची केली, आणि दुसरी ड्यूटी आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केली. चिठ्ठी मात्र आली नाही. बावीस तारखेला मी महिना बंद केला. धाकटी दोन दिवस गैरहजर, थोरली दोन ड्युट्या जास्त. चोवीस तारखेला इन्चार्ज सिस्टर चिठ्ठी घेऊन खाली आल्या.

“अगं, माझ्या एप्रनच्या खिशातच राहिली,” त्या म्हणाल्या. “धुवायला टाकताना सापडली.”

मी पाटीकडे बोट दाखवलं. आणखीही काही बोलले. मला तेव्हा बोलायची हौस होती. सिस्टर चिठ्ठी टेबलावर ठेवून गेल्या.

ऑक्टोबरच्या पगारात मी समायोजन टाकलं. धाकटीला सप्टेंबरचे दोन दिवस परत, त्याबरोबर बुडालेला हजेरी भत्ता. थोरलीच्या पगारातून दोन जास्तीच्या ड्युट्या वसूल. गैरहजेरीवर शेरा: ‘अदलाबदल, मंजूर.’ दोन्ही ओळींना एकच चिठ्ठी जोडली आणि खाली लिहिलं, ‘परतफेड बाकी.’ काम चोख झालं होतं. मी विसरून गेले.

नोव्हेंबरचा महिना बंद केल्यावर दोन दिवसांनी मी थोरलीचा शेवटचा हिशेब काढायला घेतला. ती तीस तारखेला निवृत्त होणार होती. एकवीस ते तीस हे दहा दिवस नेहमीच्या पगारात येत नाहीत, ते शेवटच्या हिशेबात घ्यावे लागतात, म्हणून तिचं सगळं पत्रक मी उघडलं. आणि तिथे ती ओळ दिसली. परतफेड बाकी.

तीस नोव्हेंबरला निवृत्त. नाताळ पंचवीस डिसेंबरला.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. म्हणजे सप्टेंबरमध्ये जेव्हा तिने त्या दोन ड्युट्या केल्या, तेव्हा तिला ठाऊक होतं की त्या परत मिळायच्या आत आपण इथून गेलेलो असू. आपली निवृत्तीची तारीख कुणी विसरत नाही. अदलाबदल म्हणून चिठ्ठी करून घेतली, पगारातून वसुली झाली तेव्हा खाली येऊन एक शब्द विचारला नाही, आणि खरं तर ती अदलाबदल नव्हतीच. तिने दोन दिवस सरळ देऊन टाकले होते.

आता माझ्याच नियमाप्रमाणे सगळं उलटं फिरवायचं होतं. थोरलीला दोन ड्युट्यांचे पैसे, धाकटीचे दोन दिवस कापायचे आणि शेरा बदलायचा: विनापरवानगी गैरहजर. पैशांचं धाकटीने सोसलं असतं. पण तिला जानेवारीपासून कायम करायचं चाललं होतं. जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांत विनापरवानगी गैरहजेरी एकही नको, ही अट. तिची रजा पोराच्या डेंग्यूत संपली होती, त्यामुळे ते दिवस रजेतही टाकता येत नव्हते. मी वर जाऊन प्रशासनाच्या साहेबांना विचारून आले. ते म्हणाले, “नियम तुम्हीच केलाय ना?” चेष्टा करत नव्हते, खरंच विचारत होते.

मी धाकटीला खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. थोरलीच्या निवृत्तीचं तिला माहीत होतं, पण गणपतीच्या गडबडीत नाताळ निवृत्तीनंतर येतो हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दोघींचं वर्ष गणपतीपासून नाताळपर्यंत जायचं, माझ्यासारखं एकवीस ते वीस नाही.

“कापा,” ती म्हणाली.

“मावशी, कायम व्हायचं थांबेल तुमचं. पुन्हा सहा महिने. तेव्हा जागा असेल-नसेल.”

“ते कळलं मला. पण तिचे दिवस मी कसे ठेवून घेऊ? तिने माझ्यासाठी ढीग केलं. तिच्या पगारातनं गेले ते तिला मिळायला हवेत.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. “कधी कापणार? या महिन्यात?”

“या महिन्याचा पगार बंद झालाय. डिसेंबरच्या पगारात.”

“मग डिसेंबरमध्ये कापा,” ती म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.

मी इतकी वर्षं लोकांना दिवस वाढवून मागताना पाहिलंय. अर्ध्या तासासाठी भांडताना, मशीन खोटं बोलतं म्हणताना, रजेसाठी चुलत्याला दुसऱ्यांदा मारताना. स्वतःचा कायमचा पगार डोळ्यांसमोर असताना ‘माझा दिवस कापा’ म्हणून सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आली. तिला लिनन-रूमच्या दारात कळलं असणार. हातात ना-हरकतीचा फॉर्म होता, स्टोअरची आणि लॉन्ड्रीची सही घेतलेला. ती समोर बसली नाही. मावश्या माझ्यासमोर कधी बसत नाहीत, कितीही सांगा.

“ते तू कापू नको,” ती म्हणाली. आमच्या ऑफिसात मला ‘तू’ म्हणणारी ती एकटीच. “मी दिलंय ते. मला ठाऊक होतं नाताळाला मी नसनार. तिला सांगितलं असतं तर ती गावाला गेलीच नसती.”

“मावशी, पण चिठ्ठीत अदलाबदल लिहिलीय. परत झाली नाही तर मला उलटं फिरवावं लागतं. दिलं असं लिहायला माझ्याकडे जागाच नाही.”

“जागा नाय?”

“नाही. हजर, गैरहजर, रजा, सुट्टी, अदलाबदल. एवढंच आहे.”

तिने हे नीट ऐकलं. मला वाटलं आता ती रागावेल, निदान नशिबाला काहीतरी म्हणेल. ती विचार करत होती. मग म्हणाली, “नाताळच पायजे असं थोडंच हाय. वर्षाच्या आत परत झालं म्हंजे झालं, नं?”

“हो.”

“चिठ्ठी चार दिवस आधी पायजे, तरी माझ्या दोन ड्युट्या अजून हायत की. एकोनतीस आन तीस. त्या तिला दे. ती माझ्या जागी उभी राहील. झाली परतफेड.”

हे मला सुचायला हवं होतं. नियम माझा, मशीन माझं, समायोजनाची ओळ माझी. आणि वाट काढली ती जिला संगणक कसा सुरू करतात ते ठाऊक नव्हतं तिने. मी पटकन कॅलेंडर पुढे ओढलं. दोन्ही दिवस वीस तारखेनंतरचे. धाकटीच्या डिसेंबरच्या हजेरीत दोन ड्युट्या जास्त दिसतील, थोरलीच्या शेवटच्या हिशेबात दोन अंगठे कमी. दोन्हींना सप्टेंबरच्या चिठ्ठीचा आधार लावला की कुणाला द्यायचं नाही, कुणाचं कापायचं नाही. ऑक्टोबरचं समायोजन जागच्या जागी पक्कं होणार. अगदी बरोबर बसत होतं. मी तोंड उघडलं ते ‘वा मावशी’ म्हणायला, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं ती काय देत होती.

आमच्याकडे एक पद्धत आहे. निवृत्त होणाऱ्याच्या शेवटच्या ड्यूटीचा शेवटचा अंगठा सगळ्यांसमोर लागतो. पूर्वी मस्टरवर शेवटची सही व्हायची, आता मशीन. त्या पाळीचे सगळे खाली जमतात, डॉक्टरही येतात, कुणी फूल देतं. भाषण नाही, चहा नाही, फक्त अंगठा. थोरलीने गेले दोन महिने त्या तीस तारखेची तयारी चालवली होती. गणवेशाची नवी साडी तिने लॉन्ड्रीतून मागून घेतली होती, इस्त्री करून लॉकरमध्ये ठेवली होती. सकाळी घरून निघताना चर्चमध्ये मिस्सा ऐकून येणार, हेही सगळ्या वॉर्डाला पाठ झालं होतं. इतक्या वर्षांत तिचा एक खाडा नव्हता. आणि आता शेवटचे दोन दिवस ती कागदावर नसणार होती.

“मावशी, मग तुमचा अंगठा...”

“अठ्ठावीसला लागंल की,” ती म्हणाली. “तो पन माझाच अंगठा हाय.”

चिठ्ठी त्याच दिवशी आली, सिस्टरच्या सहीची, चार दिवस आधी. वॉर्डातून वेळेत आलेली ती पहिली चिठ्ठी. धाकटी आधी तयारच होत नव्हती. कापा म्हणूनच हटून बसली होती. थोरलीने तिला लिनन-रूममध्ये नेलं आणि दार लावलं. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. बाहेर आल्या तेव्हा धाकटीचे डोळे लाल होते आणि थोरली चादरी मोजत होती.

एकोणतीसला धाकटीने सकाळची थोरलीची पाळी केली आणि लगेच दुपारची स्वतःची. तीस तारखेला तिची सुट्टी होती, त्या दिवशीही सकाळी सात वाजता ती थोरलीच्या जागी उभी राहिली. म्हणजे सप्टेंबरात जसं झालं तसंच, फक्त माणसं उलटी. हे असंच व्हावं म्हणून कुणी जुळवलं नव्हतं. पाळ्याच तशा होत्या.

तीस तारखेला दोन वाजता मी जिन्याखालून बाहेर आले तर मशीनसमोर गर्दी जमलेली. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण वॉर्डात गोष्ट लपत नाही. आणि थोरली आली होती. गणवेशात नाही, चर्चला नेसतात तशी निळ्या काठांची पांढरी साडी, केसात फूल. ती भेटायला आलेल्या नातेवाइकांसारखी दारातून आली, रजिस्टरवर नाव न लिहिता, आणि वॉचमननेही विचारलं नाही. वर जाऊन एका म्हातारीच्या उशाशी ती अकरा वाजल्यापासून बसून होती असं मला नंतर कळलं. तिथे बसून चादर सरळ करत होती की नुसती बसली होती, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

धाकटी जिन्यावरून उतरली. तिने अंगठा लावला. आमचं मशीन अंगठा लागला की बाईच्या आवाजात ‘थँक यू’ म्हणतं. दिवसाला शेकड्यांनी ऐकून आम्हाला ते ऐकूच येत नाही. त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आलं.

मग सगळे थोरलीकडे बघायला लागले. सवयीने तिचा हात वर आला. अंगठा पुढे करून ती मशीनच्या काचेपर्यंत पोहोचली, आणि थांबली. तिला आठवलं. तो अंगठा लागला असता तर ती तीस तारखेला हजर झाली असती, आणि धाकटीची परतफेड एका दिवसाने अपुरी पडली असती.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा नियमाबाहेर बोलले. “लावा मावशी,” मी म्हणाले. “मी नंतर काढून टाकीन.”

तिने हात खाली घेतला आणि पदराला पुसला, जसा ओला हात पुसतात तसा. “नको,” ती म्हणाली. “तुझ्या मागं पुन्हा दुरुस्ती नको.”

डिसेंबरचा पगार मी वीस तारखेची हजेरी आल्याबरोबर केला. धाकटीपुढे ओळ टाकली: सप्टेंबरची परतफेड, दोन ड्युट्या, देय शून्य. थोरलीच्या शेवटच्या हिशेबात तशीच ओळ, तसंच शून्य. त्या दोन शून्यांकडे मी कितीतरी वेळ बघत बसले होते. जानेवारीत धाकटीचं कायम झाल्याचं पत्र निघालं, आणि त्याची पोच घ्यायला ती खाली आली तेव्हा मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

टेबलावरची पाटी मी काढून टाकलेली नाही; नियम तेच आहेत आणि ते लागतातच. फक्त उशिरा चिठ्ठी घेऊन कुणी आलं की मी आता पाटीकडे बोट दाखवत नाही. चिठ्ठी हातात घेते आणि आधी वाचते. आणि थोरलीच्या पानावर शेवटची नोंद आहे ती अठ्ठावीस तारखेची, दुपारी दोन वाजून चार मिनिटांची. मशीनला विचाराल तर ती त्यानंतर कधी आलीच नाही.